रंग चढतो साऱ्यांवर, टिकतो काहींवर

पुवाच्या किंवा बेडक्याच्या तपासणीचा रिपोर्ट हाती येतो तेव्हा त्यात बऱ्याचदा ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कॉकाय म्हणजे गोल जंतू आणि बॅसिलाय म्हणजे लांबट, दांड्यांसारखे जंतू. त्याआधीचे दोन शब्द हा एका रंगकामाचा निकाल असतो. नमुना काचेवर पसरून त्याला जांभळा रंग दिला जातो आणि मग तो अल्कोहोलने धुतला जातो. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, रंग सोडून बसले ते ग्रॅम निगेटिव्ह.

हे ऐकल्यावर साहजिकच असं वाटतं की काही जंतू जांभळा रंग शोषून घेत असतील आणि काहींवर तो चढतच नसेल. तसं नाही. पहिल्या पायरीनंतर काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर सगळेच जंतू जांभळे दिसतात. दुसऱ्या पायरीनंतरही सगळे जांभळेच असतात. फरक पडतो तो तिसऱ्या पायरीला, म्हणजे रंग धुऊन काढताना. रंग आत कसा जातो यापेक्षा तो बाहेर पडताना काय होतं, हा या चाचणीचा खरा विषय आहे. एवढं ध्यानात घेतलं की तिचं मर्म कळतं, आणि ती कुठे फसते तेही कळतं.

बर्लिनचं शवागार, 1884

हान्स क्रिश्चन ग्रॅम हा कोपनहेगनचा तरुण डॉक्टर 1883 साली बर्लिनला आला आणि तिथल्या फ्रीडरिक्सहाइन रुग्णालयात कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करू लागला. फ्रीडलेंडर विकृतिशास्त्रज्ञ होते. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे पातळ काप काढून ते त्यात जंतू शोधत असत. अडचण अशी होती की त्या काळचे रंग फुप्फुसाच्या पेशींमधली केंद्रकंही रंगवायचे आणि जंतूंनाही. सगळा काप एकाच रंगाने भरून जायचा आणि एवढाले जंतू त्या गर्दीत हरवून जायचे.

ग्रॅमला जंतूंची वर्गवारी करायची नव्हती. त्याला फक्त आजूबाजूच्या पेशींचा रंग उतरवून जंतू तेवढे रंगीत ठेवायचे होते. त्याने काप जेन्शियन व्हायोलेटमध्ये बुडवला. तोंड आल्यावर किंवा जखमेवर लावायचं जांभळं औषध म्हणून आपल्याकडच्या जुन्या पिढीला परिचित असलेला हाच तो रंग, आणि क्रिस्टल व्हायोलेट हा त्यातला मुख्य घटक. मग त्याने काप आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात ठेवला, नंतर अल्कोहोलमध्ये आणि शेवटी लवंगाच्या तेलात. पेशींचा रंग उतरला आणि जंतू गडद जांभळे उरले.

सगळे जंतू मात्र उरले नाहीत. विषमज्वराच्या जंतूंचा रंग पेशींबरोबरच धुऊन निघाला. ग्रॅमच्या दृष्टीने ही पद्धतीतली उणीव होती, कारण त्याला सगळेच जंतू दाखवणारा रंग हवा होता. 1884 साली ही पद्धत प्रसिद्ध करताना ती अजून बरीच सदोष आणि अपुरी आहे, असं त्याने स्वतःच नमूद केलं. काहींचा रंग टिकतो आणि काहींचा जातो, हीच या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, हे पुढच्या संशोधकांनी ओळखलं. रंग गमावलेले जंतू दिसावेत म्हणून शेवटी एक लाल-गुलाबी रंग देण्याची रीतही पक्की झाली.

चार बाटल्या आणि एक काच

आजच्या प्रयोगशाळेत ही चाचणी पाचएक मिनिटांत होते. नमुन्याचा अगदी पातळ थर काचपट्टीवर पसरतात. याला स्मिअर म्हणतात. तो वाळल्यावर काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची छपाई वाचता आली पाहिजे, असा थराच्या जाडीचा सोपा अंदाज विद्यार्थ्यांना शिकवतात. मग काच ज्योतीवरून दोन-तीनदा झर्रकन फिरवतात किंवा तिच्यावर मिथेनॉल घालतात. त्यामुळे जंतू काचेला चिकटून राहतात आणि पुढच्या धुण्यात वाहून जात नाहीत.

पहिली बाटली क्रिस्टल व्हायोलेटची. मिनिटभर हा रंग काचेवर ठेवून पाण्याने धुतात. या रंगाचा कण पाण्यात धन विद्युतभार घेऊन फिरतो आणि जंतूंच्या घटकांवर बहुतांशी ऋण भार असतो. त्यामुळे रंग सगळ्याच जंतूंना धरतो.

दुसरी बाटली आयोडीनची. तीही मिनिटभर. आयोडीन आत शिरून क्रिस्टल व्हायोलेटला भेटतं आणि दोघांचे मिळून मोठे संयुक्त कण तयार होतात. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. आयोडीनच्या पायरीने दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून नवशिक्यांना ती बिनमहत्त्वाची वाटते. पण ती गाळून बघितली तर पुढच्या धुण्यात ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंचाही रंग सहज निघून जातो. सुटा रंग दोन्ही प्रकारच्या भिंतींतून निसटू शकतो. आयोडीनशी जुळून तो बोजड झाला, की मग भिंतीची बनावट महत्त्वाची ठरते.

तिसरी बाटली अल्कोहोलची, ॲसिटोनची किंवा दोहोंच्या मिश्रणाची. हिला डीकलरायझर म्हणतात. काच तिरपी धरून तिच्यावरून थेंब थेंब सोडायचे. सुरुवातीला जांभळे ओघळ येतात, ते फिके होत जातात, आणि ओघळ स्वच्छ दिसायला लागला की त्याच क्षणी काच पाण्याखाली धरायची. अल्कोहोल असेल तर याला दहा ते वीस सेकंद लागतात. नुसतं ॲसिटोन असेल तर दोन-तीन सेकंदांत काम होतं. साऱ्या चाचणीचा निकाल या काही सेकंदांत लागतो.

चौथी बाटली सॅफ्रनिनची. हा लाल-गुलाबी रंग अर्धा ते एक मिनिट देतात. ज्यांचा जांभळा रंग गेला ते जंतू त्याने गुलाबी होतात. जे आधीच गडद जांभळे आहेत त्यांच्यावरही सॅफ्रनिन बसतो, पण जांभळ्यापुढे तो दिसत नाही. काच धुऊन, टिपून, वर तेलाचा थेंब टाकून ती हजारपट मोठी करून पाहतात.

दोन भिंती

आता त्या काही सेकंदांत भिंतीत काय घडतं ते पाहू. बहुतेक जंतूंच्या भोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भिंत असते. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे तुकडे अशी तिची जाळीदार वीण असते. जंतूच्या आतला दाब पेलून त्याचा आकार टिकवण्याचं काम ही जाळी करते.

ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंमध्ये ही जाळी जाडजूड असते. थरावर थर मिळून तिची जाडी साधारण 20 ते 80 नॅनोमीटर भरते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंमध्ये तीच जाळी एखाद-दोन थरांची आणि दहा नॅनोमीटरपेक्षाही पातळ असते. पण तिच्या बाहेर आणखी एक आवरण असतं. ते स्निग्ध पदार्थांचं पटल असतं आणि ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंमध्ये ते मुळीच नसतं.

अल्कोहोल या दोन रचनांवर अगदी वेगळा परिणाम करतं. ते स्निग्ध पदार्थ विरघळवतं आणि ओल्या वस्तूतलं पाणी ओढून घेतं. ग्रॅम निगेटिव्ह जंतूचं बाहेरचं पटल विरघळून फाटतं, आणि त्याच्या आत राहिलेली पातळ जाळी रंगाचे मोठे कण अडवायला पुरी पडत नाही. रंग अल्कोहोलमध्ये विरघळून बाहेर पडतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूच्या जाड भिंतीतलं पाणी निघून जातं आणि ती आकसते. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटलं की त्याची वीण दाट होते, तसंच या जाळीचं होतं. तिची छिद्रं लहान होतात आणि व्हायोलेट-आयोडीनचे बोजड कण आतच अडकून पडतात.

हे सारं भिंतीमुळेच घडतं हे कशावरून? सर्वांत सरळ पुरावा भिंत मोडून मिळतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू चिरडून फोडले, किंवा त्यांची भिंत विकराने विरघळवून काढून टाकली, आणि मग तीच चाचणी केली तर त्यांचा जांभळा रंग धुऊन निघतो. आतले रासायनिक घटक तेच असतात, फक्त अखंड भिंत नसते. म्हणजे जांभळेपण एखाद्या खास रसायनात नाही, धड असलेल्या भिंतीत आहे.

प्रत्यक्ष बघण्याचं काम 1983 साली कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातले टेरी बेव्हरिज आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांनी केलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात व्हायोलेट आणि आयोडीनचे कण नीट उठून दिसत नाहीत. म्हणून त्यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचं एक संयुग वापरलं. तेही क्रिस्टल व्हायोलेटशी तसंच जुळतं, आणि प्लॅटिनम हा जड धातू असल्याने त्याची जागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते. बॅसिलस सबटिलिस या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूत अल्कोहोलनंतरही प्लॅटिनम आतच राहिलं. ई. कोलाय या ग्रॅम निगेटिव्ह जंतूचं बाहेरचं पटल निघून गेलेलं दिसलं, आणि प्लॅटिनमही त्याच्याबरोबर गेलं.

या चित्रात नंतर थोडी भर पडली आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं, की क्रिस्टल व्हायोलेट जंतूच्या सर्वांत आतल्या पटलापलीकडे फारसं जातच नाही, ते भिंतीच्या जाळीतच साठतं. तसं असेल तर जाड भिंत रंग अडवते आणि साठवतेही. दोन्ही स्पष्टीकरणांत एक गोष्ट समान आहे. पुरेसा वेळ धुतलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूही रंग सोडतात, फक्त त्यांना वेळ जास्त लागतो. आपण बघतो तो फरक वेगाचा आहे, आणि म्हणूनच घड्याळ आणि हात दोन्ही इथे महत्त्वाचे ठरतात.

एका बेडक्याची गोष्ट

ताप, धाप आणि छातीत दुखणं घेऊन आलेल्या एका प्रौढ रुग्णाचा बेडका प्रयोगशाळेत आला आहे असं समजू. टेक्निशियन त्यातला पुवासारखा पिवळट भाग निवडून स्मिअर करते, कारण नुसती लाळ तपासून तोंडातले जंतू तेवढे दिसतील. रंगवून झाल्यावर ती आधी कमी शक्तीच्या लेन्सने काच बघते. तोंडाच्या अस्तराच्या मोठ्या चपट्या पेशी भरपूर दिसल्या तर नमुना लाळेचाच आहे आणि दुसरा मागवावा लागेल. इथे तशा पेशी तुरळक आहेत आणि पू-पेशी दाटीवाटीने आहेत. म्हणजे नमुना छातीतून आलेला आहे.

आता तेलाची लेन्स. ती पहिल्यांदा जंतू न बघता पू-पेशींची केंद्रकं बघते. मानवी पेशींना अशी भिंतच नसते, तेव्हा धुणं पुरेसं झालं असेल तर केंद्रकं गुलाबी दिसली पाहिजेत. ती जांभळी दिसली तर धुणं कमी पडलं आहे, आणि त्या भागातल्या जांभळ्या जंतूंवर विश्वास ठेवता येत नाही. स्मिअर जाड असला की हमखास असं होतं. इथे केंद्रकं गुलाबी आहेत. पेशींच्या मध्ये गडद जांभळे, जोडीजोडीने असलेले, बाहेरच्या टोकाला किंचित निमुळते जंतू आहेत आणि त्यांच्याभोवती रंग न घेतलेली फिकट कडा आहे. ही खूण न्यूमोकॉकसची, न्यूमोनियाच्या सर्वांत परिचित जंतूची. याच जागी जाड, आखूड, गुलाबी दांडे तशाच फिकट कडेसह दिसले असते तर संशय क्लेबसिएलावर गेला असता. या क्लेबसिएलालाच फ्रीडलेंडर यांचं नाव देऊन पूर्वी ‘फ्रीडलेंडरचा दांडा’ म्हणत. न्यूमोनियाचं मूळ कशात आहे यावर त्या काळी मोठा वाद झाला होता, आणि या वादातले दोन जंतू नेमके या रंगाच्या दोन बाजूंना पडतात.

पण काच पुढे सरकवल्यावर तिला काही जोड्या गुलाबी दिसतात. आकार तोच, निमुळती टोकं तीच, फक्त रंग वेगळा. इथे चुकीचा रिपोर्ट जाऊ शकतो. दोन वेगळे जंतू आहेत असं लिहिण्याआधी तिला तीन शक्यता तपासाव्या लागतात. पहिली, धुणं जास्त झालं. ही चूक केंद्रकांवरून कळत नाही, कारण ती दोन्ही परिस्थितींत गुलाबीच असतात. म्हणून त्याच काचेच्या टोकांना आधीच दोन ठिपके घातलेले असतात, एक स्टॅफिलोकॉकसचा आणि एक ई. कोलायचा. स्टॅफिलोकॉकस जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी आला तरच काच ग्राह्य. स्टॅफिलोकॉकसही गुलाबी झाला असेल तर नवा स्मिअर करून पुन्हा रंगवायचा. दुसरी शक्यता, नमुना बराच वेळ पडून राहिला. न्यूमोकॉकसकडे स्वतःचीच भिंत विरघळवणारं विकर असतं, आणि म्हातारे जंतू स्वतःहून विरघळू लागतात. भिंत झिजली की रंग सुटतो. तिसरी, रुग्णाने आधीच अँटिबायोटिक घेतलं आहे. पेनिसिलिनसारखी औषधं भिंतीची नवी वीण घालू देत नाहीत, त्यामुळे उपचार सुरू झालेल्या रुग्णाच्या नमुन्यात कमकुवत भिंतीचे जंतू सापडतात.

आपल्या या काचेवर दोन्ही ठिपके बरोबर आले आहेत, आणि फॉर्मवर रुग्णाने आदल्या दिवसापासून गोळ्या घेतल्याची नोंद आहे. ती रिपोर्टमध्ये ‘ग्रॅम पॉझिटिव्ह, जोडीने असलेले, टोकाला निमुळते कॉकाय, काही रंग सोडलेले’ असं लिहिते. दोन जंतू असं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी उगाच दुसऱ्या जंतूसाठीही औषध सुरू केलं असतं.

रंगाच्या पलीकडचे जंतू

भिंत हाच निकष असल्याने, वेगळ्याच भिंतीच्या जंतूंपुढे ही चाचणी अडते. क्षयाच्या जंतूची भिंत मेणासारख्या पदार्थाने माखलेली असते. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट नीट बसतच नाही. म्हणून क्षयासाठी थुंकी तपासताना झील-नेल्सन ही वेगळी पद्धत वापरतात. तिच्यात रंग गरम करून आत घालतात आणि आम्लाने धुतात. मायकोप्लाझ्मा हा न्यूमोनियाचाच आणखी एक जंतू. त्याला पेप्टिडोग्लायकनची भिंत मुळीच नसते, त्यामुळे ग्रॅमच्या काचेवर तो सापडत नाही. काच स्वच्छ आली म्हणजे न्यूमोनिया जंतूंचा नाही, असं म्हणता येत नाही.

संख्येचीही मर्यादा आहे. एक मिलिलिटर नमुन्यात साधारण दहा हजार ते लाखभर जंतू असल्याशिवाय काचेवर ते सापडण्याची शक्यता कमी असते. शिवाय रंग आणि आकार यांवरून जंतूंचा गट कळतो, नक्की जात कळत नाही. ती कळायला कल्चर करावं लागतं. त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि कोणतं औषध लागू पडेल हेही तिथेच ठरतं.

तरीही पहिल्या तासातला हा रंग डॉक्टरांना नेमकी माहिती देतो, कारण अल्कोहोलला अडवणारी किंवा वाट देणारी जी भिंत आहे, तीच औषधांच्या वाटेतही उभी असते. व्हॅन्कोमायसिन हा मोठ्या रेणूचा अँटिबायोटिक भिंतीची वीण रोखतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची जाळी उघडी असते, तिथपर्यंत तो पोहोचतो. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंची जाळी बाहेरच्या स्निग्ध पटलाआड दडलेली असते, आणि त्या पटलातली लहान छिद्रं व्हॅन्कोमायसिनला आत सोडत नाहीत. काचेवर अल्कोहोलने जे पटल विरघळून रंगाला वाट करून दिली, तेच रुग्णाच्या शरीरात शाबूत राहून औषधाला बाहेर रोखतं. बेडक्यात गुलाबी दांडे दिसले की डॉक्टर एकट्या व्हॅन्कोमायसिनवर विसंबत नाहीत, आणि जांभळ्या जोड्या दिसल्या की पेनिसिलिनच्या कुटुंबातली औषधं पुढे येतात. कल्चरचा निकाल आल्यावर औषध बदलावं लागलं तर बदलतात, पण तोपर्यंत रुग्णाला जे मिळतं ते या रंगावरून ठरवलेलं असतं.